आठपैकी एक शाखा निवडताना तापमान किती उतरवावं, आणि दरी कशाने बुजते

प्रश्न: माझ्या नेटवर्कमध्ये प्रत्येक इनपुटसाठी आठपैकी एक शाखा निवडायची आहे. गंबेल-सॉफ्टमॅक्स वापरतोय, तापमान १ वरून ०.१ पर्यंत नेतो. ट्रेनिंगचा लॉस छान उतरतो, पण चाचणीला आर्गमॅक्स घेतला की निकाल कोसळतो. कधी कधी तर शेवटी दोनच शाखा वापरात उरतात. तापमान नेमकं कसं उतरवायचं?

उत्तर:

तापमान ०.१ च्याही खाली नेऊन हा प्रश्न सुटणार नाही, उलट चिघळेल. तापमानाचं काम ग्रेडियंट वापरण्याजोगा ठेवणं एवढंच आहे. ट्रेनिंग आणि चाचणी यांच्यातली दरी बुजवायचं काम दुसऱ्या गोष्टीचं आहे: शेवटच्या टप्प्यात पुढच्या थरांना खरोखर एकच शाखा दाखवायची. या दोन कामांची गल्लत झाली की तुमच्यासारखी लक्षणं दिसतात. दोन शाखा उरण्याचं कारण वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी आकडे घालून पाहू. सोयीसाठी आठऐवजी तीन पर्याय घ्या, लॉजिट २, १ आणि ०. सॉफ्टमॅक्स काढला तर संभाव्यता ०.६६५, ०.२४५ आणि ०.०९० येतात. प्रत्येक लॉजिटमध्ये स्वतंत्र गंबेल गोंगाट मिळवून सर्वात मोठा निवडला, तर निवड बरोबर याच संभाव्यतांनी होते. इथपर्यंत काहीही अंदाजे नाही. अडचण एवढीच की आर्गमॅक्समधून ग्रेडियंट जात नाही. म्हणून त्याच्या जागी तापमानाने भागलेला सॉफ्टमॅक्स बसवायचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये जँग, गू आणि पूल यांनी एका लेखात, आणि मॅडिसन, म्नी आणि टे यांनी दुसऱ्या लेखात, ही युक्ती स्वतंत्रपणे मांडली. पहिल्यांनी तिला गंबेल-सॉफ्टमॅक्स म्हटलं, दुसऱ्यांनी काँक्रीट वितरण.

```
y = softmax((logits + g) / tau),   g = -log(-log(u)),   u ~ Uniform(0,1)
```

समजा एका वेळी गोंगाट −०.३, १.१ आणि ०.२ असा पडला. बेरजा झाल्या १.७, २.१ आणि ०.२, म्हणजे या वेळी दुसरा पर्याय जिंकला. तापमान १ असेल तर `y` येतो ०.३७, ०.५५, ०.०८. तापमान ०.५ ला ०.३१, ०.६८, ०.०२. तापमान ०.१ ला ०.०२, ०.९८ आणि जवळजवळ शून्य. चाचणीच्या वेळी मात्र पुढच्या थराला कायम एक आणि बाकी शून्यच मिळणार. तापमान १ वर शिकलेल्या थराने जिंकलेल्या शाखेचं फक्त ५५ टक्के रूप पाहिलेलं असतं, उरलेली ४५ टक्के भेसळ. ती भेसळ त्याच्या सवयीची होते.

यात आणखी एक गळती आहे आणि ती सहज लक्षात येत नाही. आठांतून एक निवड म्हणजे जास्तीत जास्त ३ बिट माहिती. पण `y` मधली प्रमाणं अखंड संख्या आहेत, त्यांत त्याहून कितीतरी जास्त माहिती मावते. गोंगाट असला तरी नेटवर्क प्रमाणांतून इनपुटबद्दलच्या खुणा पुढे पोचवायला शिकतं. लॉस उतरतो तो बऱ्याचदा या चोरवाटेने. आर्गमॅक्स लावताच ती वाट बंद होते आणि निकाल कोसळतो.

मग तापमान थेट ०.०५ वर का ठेवू नये? वरच्याच उदाहरणात दुसऱ्या पर्यायाचा त्याच्या स्वतःच्या लॉजिटसापेक्ष ग्रेडियंट काढा. सूत्र आहे `y*(1-y)/tau`. तापमान १ ला तो ०.२५ येतो, ०.५ ला ०.४४, ०.१ ला ०.१८, आणि ०.०५ ला जेमतेम ०.००७. म्हणजे या नमुन्याने निवडकर्त्याला, म्हणजे लॉजिट काढणाऱ्या भागाला, काहीच शिकवलं नाही. याउलट एखाद्या नमुन्यात पहिल्या दोन पर्यायांच्या बेरजा ०.०५ च्या आत आल्या, तर तोच ग्रेडियंट ४ ते ५ इतका होतो. पहिल्या दोन पर्यायांपुरतं पाहिलं तर या लॉजिटवर असे नमुने शंभरात सुमारे दोन पडतात. म्हणजे अठ्ठ्याण्णव वेळा निवडकर्ता जवळजवळ गप्प राहतो आणि दोनदा जोराचा धक्का बसतो. थोडक्यात, तापमान जास्त असेल तर ग्रेडियंट शांत असतो पण भलत्याच, भेसळीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. तापमान फार कमी असेल तर प्रश्न बरोबर असतो, पण उत्तर इतकं हेलकावे खातं की बॅच लहान असल्यास त्यातून दिशाच सापडत नाही. ॲडम वापरलात तरी तो ग्रेडियंटचं सरासरी माप सांभाळतो, हे अधूनमधून बसणारे धक्के गुळगुळीत करत नाही.

म्हणून तळाचं तापमान ०.५ ठेवा. जँग आणि सहकाऱ्यांच्या वेळापत्रकातही तळ ०.५ च होता: `max(0.5, exp(-r*t))`. मॅडिसन आणि सहकाऱ्यांनी एक सीमाही दाखवली आहे. पर्याय n असतील आणि तापमान 1/(n-1) किंवा त्याहून कमी असेल, तर वितरणाची शिखरं मध्ये कुठेही राहत नाहीत, ती कोपऱ्यांकडे सरकतात. आठ पर्यायांसाठी ही सीमा १/७, म्हणजे ०.१४. पण ती गाठलीच पाहिजे असा तिचा अर्थ नाही. सीमेच्या वर असतानाही बरेच नमुने एका कोपऱ्याकडे पुरेसे झुकलेले असतात, आणि उरलेली तफावत पुढे दिलेला कडक टप्पा भरून काढतो.

आता वेळापत्रक. एकूण ४०,००० स्टेप आहेत असं धरू. पहिल्या ४,००० स्टेप तापमान २ वर स्थिर. पुढच्या २४,००० स्टेपमध्ये ते घातांकी गतीने ०.५ वर येतं. शेवटच्या १२,००० स्टेप ते ०.५ वरच राहतं. घसरणीचा दर हवा असेल तर `ln(2/0.5)/24000`, म्हणजे सुमारे `5.8e-5`. स्टेप १६,००० ला तापमान बरोबर १ भरतं, तेवढं छापून पाहिलं की वेळापत्रक नीट चालतंय की नाही ते कळतं.

```python
def tau_at(step, hold=4000, span=24000, hi=2.0, lo=0.5):
    t = min(max(step - hold, 0) / span, 1.0)
    return hi * (lo / hi) ** t
```

सरळ रेषेत उतरवण्यापेक्षा घातांकी घसरण बरी, कारण परिणाम तापमानाच्या गुणोत्तरावर ठरतो. २ वरून १ आणि १ वरून ०.५ ही नेटवर्कच्या दृष्टीने सारखीच पावलं आहेत. सरळ रेषेत उतरवलंत तर शेवटच्या थोड्याच स्टेपमध्ये मोठा बदल उरकला जातो, आणि निवडकर्त्याला सावरायला वेळ मिळत नाही.

सुरुवातीचा स्थिर काळ मात्र लांबवू नका. इथे बरेच जण फसतात. तापमान २ असताना दोन पर्यायांत एकाला ९५ टक्के वजन द्यायचं तर बेरजांमधला फरक ५.९ लागतो. तापमान ०.५ ला तेच काम १.५ मध्ये होतं. म्हणजे तापमान जास्त ठेवलंत तर ठाम निवड करू पाहणारं नेटवर्क लॉजिटच फुगवून घेतं. पुढे तापमान उतरतं तेव्हा ते फुगलेले लॉजिट तसेच राहतात. गंबेल गोंगाटाचं प्रमाणविचलन जेमतेम १.२८ आहे. पहिल्या आणि दुसऱ्या लॉजिटमध्ये ३ चं अंतर असेल तर गोंगाट निकाल शंभरात सुमारे पाच वेळा उलटवतो. अंतर १० झालं की साधारण बावीस हजारांत एकदा. म्हणजे पर्याय चाचपून पाहणं तिथेच थांबलं. तापमान अजून १ दाखवत असलं तरी नेटवर्कच्या दृष्टीने ते कधीच गोठलेलं असतं. म्हणून तापमानाचा आलेख बघत बसू नका, पहिल्या दोन लॉजिटमधल्या अंतराचा मध्यक दर काही शे स्टेपला नोंदवा. घसरण अर्ध्यावर येण्याआधीच तो ५ च्या पुढे गेला, तर स्थिर काळ कमी करा, लॉजिटच्या थराला थोडा वेट डिके द्या आणि त्या थराची सुरुवातीची वजनं शून्याजवळ ठेवा.

आता कडक टप्पा. स्टेप २८,००० नंतर पुढच्या दिशेने वन-हॉट सदिश द्या आणि मागच्या दिशेने सॉफ्ट `y` चाच ग्रेडियंट जाऊ द्या, म्हणजेच स्ट्रेट-थ्रू. आता पुढचे थर चाचणीत दिसणार तसंच रूप पाहतात, चोरवाट बंद होते आणि दरी बुजायला लागते. इथे ग्रेडियंट थोडा पक्षपाती होतो हे खरं. पण निवडकर्ता एव्हाना बराच स्थिरावलेला असतो, आणि शिकायचं काम मुख्यतः पुढच्या थरांचं उरलेलं असतं. शेवटच्या तीन-चार हजार स्टेपमध्ये निवडकर्त्याची वजनं गोठवून, गोंगाट काढून नुसता आर्गमॅक्स पाठवलात तर आणखी चांगलं. त्या वेळी ट्रेनिंग आणि चाचणी यांत फरकच उरत नाही.

टप्पा बदलताच लॉस एकदम उसळी घेईल. घाबरू नका, ती उसळी म्हणजे आजवर झाकलेली दरीच आहे. काही शे स्टेपमध्ये ती ओसरायला लागली तर सगळं ठीक. दोन हजार स्टेपनंतरही ती तशीच राहिली तर पुढचे थर भेसळीवर फारच विसंबलेले आहेत. अशा वेळी पुढच्या धावेत कडक टप्पा आधी, तापमान १ च्या आसपास असतानाच सुरू करा.

निवड करणारं फंक्शन स्वतः लिहिणं बरं, आणि त्याची दोन ठोस कारणं आहेत. `F.gumbel_softmax` ला `training` नावाचा प्राचलच नाही. `model.eval()` म्हटलंत तरी ते गोंगाट घालतच राहतं, आणि तुमची चाचणी दर वेळी वेगळा आकडा देते. दुसरं कारण अर्ध्या अचूकतेचं. गोंगाट सूत्रावरून हाताने काढताना `float16` मध्ये `u` गोल होऊन १ झाला, तर आतला लॉग शून्य येतो, बाहेरचा अनंत, आणि सॉफ्टमॅक्समध्ये `nan`. एवढ्या एका नमुन्याने सगळी बॅच बिघडते. म्हणून हा भाग नेहमी `float32` मध्ये ठेवा.

```python
def pick(logits, tau, hard, training):
    x = logits.float()
    n = x.size(-1)
    if not training:
        return F.one_hot(x.argmax(-1), n).to(logits.dtype)
    g = -torch.empty_like(x).exponential_().log()
    y = F.softmax((x + g) / tau, dim=-1)
    if hard:
        h = F.one_hot(y.argmax(-1), n).to(y.dtype)
        y = h - y.detach() + y
    return y.to(logits.dtype)
```

ऑटोकास्ट चालू असेल तर हा भाग त्याच्या बाहेर काढा. आत ठेवून बिघडण्यासारखं फारसं नसलं तरी घोळ शोधताना एक शंका कमी होते.

बिघाड नेमका कुठे आहे हे ओळखायला एकाच व्हॅलिडेशन संचावर लॉस तीनदा काढा: एकदा चालू तापमानाच्या सॉफ्ट नमुन्यांनी, एकदा गोंगाट ठेवून पण वन-हॉट निवडीने, आणि एकदा गोंगाटाशिवाय आर्गमॅक्सने. पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल तर पुढचे थर भेसळीवर जगतायत. तुमच्या वर्णनावरून तुमचं हेच झालंय असं दिसतं. दुसरा वाईट आणि तिसरा बराच चांगला असेल तर निवडकर्ता बरोबर शिकलाय, फक्त अजून त्याच्यावर गोंगाट भारी पडतोय. लॉजिट थोडे ठाम झाले की ते आपोआप सुटेल. तिसरा दुसऱ्याहून वाईट निघाला तर नेटवर्क एकाच इनपुटला वेगवेगळ्या शाखांमध्ये वाटून देऊन फायदा घेतंय. ती शाखांची निवड नाही, सरासरी आहे, आणि अशा वेळी आर्गमॅक्स वापरायचा आग्रहच चुकीचा असू शकतो. पहिला आणि दुसरा आकडा एका धावेवर न काढता निदान पाच वेगवेगळ्या बीजांवर काढून त्यांची सरासरी घ्या, नाहीतर गोंगाटालाच निष्कर्ष समजून बसाल.

आता दोनच शाखा उरण्याबद्दल. हा प्रकार बहुतेक वेळा पहिल्या काही शे स्टेपमध्येच घडतो. सुरुवातीच्या वजनांच्या योगायोगाने एखादी शाखा जरा बरी निघते, तिला जास्त वजन मिळतं, म्हणून जास्त ग्रेडियंट मिळतो, म्हणून ती आणखी सुधारते. बाकीच्या शाखांचा `y` शून्याजवळ, म्हणजे त्यांना शिकायला मिळणारा ग्रेडियंटही शून्याजवळ. तापमान १ वरून चटकन ०.१ कडे नेलंत की हे चक्र आणखी जोरात फिरतं. सुरुवातीला तापमान २ ठेवायचं खरं कारण हेच: प्रत्येक शाखेला आपली वाट सापडेपर्यंत थोडं तरी खाणं मिळायला हवं.

हे ओळखायला दोन एन्ट्रॉपी वेगळ्या मोजा. प्रत्येक इनपुटच्या `softmax(logits)` ची एन्ट्रॉपी काढून तिची बॅचभर सरासरी घ्या, ही पहिली. बॅचभर संभाव्यतांची आधी सरासरी घेऊन मग तिची एन्ट्रॉपी काढा, ही दुसरी. आठ शाखांसाठी दोन्हींची कमाल `ln 8`, म्हणजे २.०८. शेवटी पहिली कमी आणि दुसरी जास्त हवी: प्रत्येक इनपुटबाबत निवड ठाम, पण सगळ्या इनपुटांत मिळून शाखा वाटल्या गेलेल्या. दोन्ही कमी म्हणजे कोसळलेली निवड. दुसरीचा `exp` घेतला तर प्रत्यक्षात किती शाखा वापरात आहेत त्याचा ढोबळ आकडा मिळतो. तुमच्याकडे तो २ च्या आसपास येत असणार. दोन्ही २.०८ ला चिकटून राहिल्या तर निवडकर्ता काहीच शिकलेला नाही. मग आधी त्याचा लर्निंग रेट आणि त्याच्यापर्यंत ग्रेडियंट पोचतो का ते पाहा. तिथे तापमानाशी खेळून उपयोग नाही.

उपाय म्हणून लॉसमधून दुसऱ्या एन्ट्रॉपीचा एक छोटा गुणक वजा करा. गुणक इतकाच ठेवा की ही भर मुख्य लॉसच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जाणार नाही, आणि कडक टप्पा सुरू होईपर्यंत तो शून्यावर आणा. पहिल्या एन्ट्रॉपीला मात्र बक्षीस देऊ नका. तसं केलंत तर नेटवर्क प्रत्येक इनपुटवर गोंधळलेलं राहायला शिकतं. दोन्हींची नावं सारखी असल्यामुळे ही चूक सर्रास होते. आणि तुमच्या डेटात काही शाखा मुळातच क्वचित लागणाऱ्या असतील तर ही भर आणखी हलकी ठेवा, नाहीतर समान वाटपाच्या नादात चांगली निवड बिघडेल.

बारीक पण महाग पडणारी एक गोष्ट: तापमान नेहमी एकूण स्टेपवरून काढा आणि तो स्टेपचा आकडा चेकपॉइंटमध्ये साठवा. धाव मध्येच थांबली आणि परत सुरू करताना मोजणी शून्यापासून झाली, तर तापमान ०.६ वरून थेट २ वर उडी मारतं. लॉस बिघडतो, आणि लोक दोष लर्निंग रेटमध्ये शोधत बसतात. बॅचचा आकार बदललात तर स्टेपची संख्या बदलते, तेव्हा `hold` आणि `span` ही त्याच प्रमाणात बदला.

आणि आठच शाखा असतील, त्याही हलक्या असतील, तर एक पर्याय आधी तपासून पाहा. आठही शाखा चालवा, प्रत्येकीचा स्वतंत्र लॉस काढा आणि संभाव्यतांनी भारित बेरीज घ्या: `loss = (p * per_branch_loss).sum(-1).mean()`. ही अपेक्षित लॉसची नेमकी किंमत आहे, तिच्यात गोंगाट नाही, पक्षपात नाही, तापमानही नाही. बेरीज लॉसची करायची, शाखांच्या आउटपुटची नाही. आउटपुट मिसळलेत की तीच भेसळ परत आली. दर स्टेपला आठपट काम पडतं, आणि असे निवडीचे थर एकापुढे एक असतील तर दोन थरांना ६४ आणि तीन थरांना ५१२ वाटा होतात. निवड एकाच ठिकाणी असेल तर आधी हे करा. निवडी एकाहून जास्त झाल्या, किंवा शाखा इतक्या जड असल्या की आठही चालवणं परवडत नाही, तर मात्र वरचं वेळापत्रक घ्या. शाखा जड असतील तर कडक टप्पा पहिल्या स्टेपपासूनच ठेवावा लागेल, आणि तो लिहितानाही फक्त निवडलेली शाखाच चालवली जाईल अशी व्यवस्था करावी लागेल. वन-हॉटने गुणणं हे गणित म्हणून बरोबर असलं, तरी त्यात आठही शाखा चालतातच. मात्र न चाललेल्या शाखांचं आउटपुट हाती नसल्यामुळे निवडकर्त्याला फक्त चाललेल्या शाखेच्या `y` मधूनच ग्रेडियंट मिळतो. तो आणखी तोकडा असतो, म्हणून अशा वेळी बॅच मोठी घ्या.